पिशवी भरू लागली तेव्हा

फिजिशियन म्हणून काम करताना ज्या रात्री आठवणीत राहिल्या, त्यांतली ही एक. अडुसष्ट वर्षांच्या, जेमतेम ४३ किलो वजनाच्या एका आजींना संध्याकाळी त्यांचा मुलगा घेऊन आला. तीन दिवस जुलाब-उलट्या होत होत्या, आदल्या दिवसापासून त्या असंबद्ध बोलत होत्या आणि आमच्यासमोरच त्यांना फिट आली. रक्तातले सोडियम १०८ निघाले. ते साधारणपणे लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते. पोटॅशियमही २.९ पर्यंत उतरलेले होते.

"डॉक्टर, बीपी आहे म्हणून आम्ही आईला मीठ जवळजवळ बंदच केलंय. म्हणूनच झालं का हे?" मुलाने विचारले. मिठाचा वाटा होता, पण मुख्य प्रश्न पाण्याचा होता. रक्तातले सोडियम हे मिठाचे पाण्याशी असलेले प्रमाण दाखवते आणि ते बहुतेक वेळा शरीरात पाणी साठल्यामुळे उतरते. एरवी आपण जास्त पाणी प्यायलो, तर मेंदूतून एडीएच हे संप्रेरक स्रवायचे थांबते आणि मूत्रपिंडे जादा पाणी पातळ लघवीच्या रूपाने टाकून देतात. मात्र जुलाबांनी अंगातले पाणी आणि मीठ दोन्ही गेले, की रक्ताभिसरण सांभाळण्यासाठी हेच संप्रेरक, सोडियम कमी असतानाही, स्रवत राहते. आजींच्या बीपीच्या गोळीत थायाझाइड होते. ते मूत्रपिंडाची लघवी पातळ करण्याची क्षमताच कमी करते. त्यात घरच्यांनी काळजीपोटी त्यांना सतत साधे पाणी आणि बिनमिठाची पेज दिली. आत आलेले पाणी बाहेर पडायला वाटच उरली नव्हती.

फिट येते ती मेंदूला सूज आल्यामुळे, म्हणून तिथे थांबून चालत नाही. तीन टक्क्यांचे सलाईन १०० मिलिलिटर दहा मिनिटांत दिले आणि थोड्या वेळाने तेवढेच पुन्हा दिले. फिट थांबली, सोडियम ११३ झाले. मेंदूचा धोका टळायला चार ते सहाची वाढ पुरते, त्यामुळे तीव्र सलाईन तिथेच बंद करून साधे सलाईन आणि पोटॅशियम सावकाश सुरू ठेवले. चोवीस तासांत एकूण वाढ आठच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ११६ च्या पुढे नाही, असे मी केसपेपरवर लिहिले.

रात्री दोनच्या सुमारास सिस्टरांनी मला उठवले. त्यांनी तासातासाला लघवी मोजून ठेवली होती: आधी ४०, मग ९०, मग ३५०. पिशवीतली लघवी आता पिवळी राहिली नव्हती, नळाच्या पाण्यासारखी नितळ दिसत होती. आजी डोळे उघडून मुलाला ओळखत होत्या आणि मुलगा आनंदात होता. मला मात्र त्या पिशवीची धास्ती वाटली. सलाईनने रक्ताभिसरण सुधारले, त्याबरोबर एडीएच थांबले, गोळीचा परिणामही ओसरत होता, आणि मूत्रपिंडे साठलेले पाणी एकदम सोडू लागली होती. एवढ्या लहान अंगातून नुसते पाणी एक लिटर गेले, तर सोडियम पाचेक अंकांनी चढते. तपासणीत ते ११८ आले. आठ तासांत दहाची वाढ झाली होती, आणि वर चढवणारे आता आमचे औषध नव्हते, त्यांचे स्वतःचे शरीर होते.

घाईचा धोका असा आहे. सोडियम दोन-तीन दिवस कमी राहिले, की मेंदूच्या पेशी सूज टाळण्यासाठी आतले क्षार आणि इतर विरघळलेले पदार्थ बाहेर टाकतात. ते परत जमवायला त्यांना अनेक दिवस लागतात. तेवढ्यात बाहेरचे सोडियम झपाट्याने चढले, तर पेशींतले पाणी खेचले जाते आणि मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण नष्ट होऊ लागते, विशेषतः मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागात. १९५९ साली हा आजार प्रथम वर्णिला गेला, तो मद्यपी आणि कुपोषित रुग्णांत. कमी पोटॅशियमही हा धोका वाढवते. रुग्ण आधी सुधारतो आणि दोन ते सहा दिवसांनी त्याची जीभ जड होते, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. त्यावर खात्रीचा उपचार नाही.

म्हणून मी सलाईन बंद केले, पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे परिणामी पाणीच, शिरेतून सुरू केले आणि डेस्मोप्रेसिन २ मायक्रोग्रॅम दिले. हे एडीएचचेच कृत्रिम रूप. ज्या संप्रेरकाने पाणी अडवून घोळ केला, तेच आता मोजून परत दिले. मुलाला ते समजावताना मी सरळ सांगितले की आईला मुद्दाम थोडे मागे आणतो आहोत. दोन तासांत लघवी तासाला ४० वर आली आणि तिचा रंग परतला. पहाटे सोडियम ११५ झाले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले. पुढचे तीन दिवस दर चार ते सहा तासांनी तपासणी करत ते १२२, १२८ आणि १३३ असे वर नेले. थायाझाइडची गोळी कायमची बंद करून बीपीसाठी दुसरी दिली.

आकडा सुधारला तरी मी त्यांना आठवडाभर ठेवून घेतले. रोज सकाळी मी त्यांना नातवंडांची नावे मोठ्याने घ्यायला लावत असे आणि माझ्यासमोर दोन घोट पाणी प्यायला सांगत असे. सातव्या दिवशी त्यांनी पाचही नावे स्पष्ट उच्चारली, अख्खा कप चहा ठसका न लागता प्यायला आणि साखर कमी आहे म्हणून सुनेकडे तक्रार केली.