ट्राममागचा वाघ

आत्याच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात अण्णाआजोबांचा एक कृष्णधवल फोटो आहे. रस्त्याच्या कडेला धोतर-कोट घालून, हातात छत्री घेऊन ते उभे आहेत. मागे ट्राम, ट्रामच्या आडून अर्धी दिसणारी दुमजली बस, उजव्या कोपऱ्यात एक टॅक्सी. फोटोच्या पाठीवर शाईने '६६' एवढंच लिहिलेलं. हा फोटो मुंबईचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आत्या तर गिरगावातलाच म्हणायची. "ट्राम आहे, डबलडेकर आहे, काळी-पिवळी टॅक्सी आहे. अजून काय हवं तुला?"

मला मात्र त्या '६६'ने अडवलं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि रूळ थंडावले. मद्रासची ट्राम १९५३ मध्येच बंद पडली होती, दिल्लीची १९६३ मध्ये. म्हणजे फोटो खरोखर ६६ चा असेल, तर देशात एकच शहर उरतं. पण तो आकडा फोटो काढल्याचा की कुणी नंतर डब्यात ठेवताना लिहिलेला, कोण सांगणार? शाईवर न विसंबता फोटोतल्या गाड्यांनाच विचारायचं ठरवलं आणि २०२३ च्या डिसेंबरात कोलकात्याला गेले.

हावडा स्टेशनबाहेर पडल्याबरोबर पिवळ्याधमक अँबॅसेडर टॅक्सी दिसल्या आणि पहिली शंका तिथेच उभी राहिली. इथली टॅक्सी अंगभर पिवळी. आमच्या फोटोतल्या टॅक्सीचं अंग गडद आणि टप फिका, म्हणजे मुंबईचीच काळी-पिवळी. आत्याचं बरोबर म्हणायचं का? पूल ओलांडताना मी चालकदादांना मोबाइलमधला फोटो दाखवला. सिग्नलला थांबून त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "दीदी, आमच्याकडेही काळी-पिवळी होती. ती फक्त शहरात चालायची. पूर्ण पिवळी असेल तिला अख्ख्या बंगालात जायची परवानगी. नंतर सगळ्याच पिवळ्या झाल्या."

काळा-पिवळा रंग म्हणजे मुंबई, हे जुन्या फोटोला लागू होत नाही, हे तिथे कळलं. रंग परवान्याबरोबर बदलतो. गाडीचा आकार मात्र इतक्या सहज बदलत नाही. मुंबईच्या टॅक्सी म्हणजे फिएट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी, कारण प्रीमियरचा कारखानाच कुर्ल्याला. कोलकात्यात अँबॅसेडर, कारण हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना हुगळीकाठी उत्तरपाड्याला. दोन्ही शहरांनी आपापल्या शेजारच्या कारखान्याची गाडी रस्त्यावर आणली. त्या काळातली फिएट लहान चणीची, मागे दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारख्या टोकदार कडा असलेली. अँबॅसेडर थोराड, गोल टपाची, पुढचे मडगार्ड फुगलेले. आमच्या कोपऱ्यातल्या टॅक्सीचा फक्त पुढचा भाग दिसतो, पण तिचं नाक गुबगुबीत आहे. मी मोबाइलवरचा फोटो समोरच्या टॅक्सीशेजारी धरला. तोच फुगवटा.

दुसऱ्या दिवशी श्यामबाजारहून एस्प्लनेडला जाणारी ५ नंबरची ट्राम पकडली. विधान सरणी, हेदुआ, कॉलेज स्ट्रीट असं ती रमतगमत जाते. पुस्तकांच्या दुकानांपाशी तर इतकी हळू की बाहेरच्या पाट्या वाचून होतात. ट्रामच्या रंगावरून शहर ओळखता येतं असं मी समजत होते. लिस्बनची पिवळी, मेलबर्नची हिरवी आणि साईच्या रंगाची, हाँगकाँगची हिरवी दुमजली. कोलकात्यात ते चालत नाही. एक ट्राम निळी-पांढरी, दुसरी अंगभर जाहिरातीने मढवलेली. फोटो तर कृष्णधवल, त्यात रंग शोधणार कुठे? इथे पाहायची असते बांधणी: एकमजली डबा आणि त्याला जोडलेला तसाच दुसरा डबा. पूर्वी पुढचा पहिल्या वर्गाचा, मागचा दुसऱ्या वर्गाचा असे. मुंबईत १९२० पासून दुमजली ट्रामही धावत होत्या, कोलकात्याची विजेवरची ट्राम कायम बसकी राहिली. आमच्या फोटोतली ट्राम बसकीच आहे. पण मुंबईतही एकमजली ट्राम होत्याच, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही.

हातरिक्षा फोटोत असती तर प्रश्नच नव्हता. लाकडी मोठी चाकं, दोन लांब दांडे, ओढणाऱ्याच्या बोटांत छोटी घंटा. बौबाजारच्या गल्लीच्या तोंडाशी अशा तीन उभ्या होत्या. आपल्याकडे माणसाने ओढायची रिक्षा माथेरानला पाहिलेली, पण तिथे ट्राम कुठून येणार!

आजच्या फोटोंत ऑटो फार कामाला येते. मुंबईच्या फोटोत समुद्र आहे, टॅक्सी आहेत आणि एकही ऑटो नाही, तर तो दक्षिण मुंबईचा असण्याची शक्यता मोठी, कारण माहीम-शीवच्या पुढे दक्षिणेला ऑटोला परवानगीच नाही. नसलेली गाडीही पत्ता सांगते. कोलकात्याची ऑटो हिरवी-पिवळी, आणि इथेच लोक फसतात, कारण दिल्लीचीही हिरवी-पिवळीच. मग आत पाहायचं. कोलकात्यात ऑटो मीटरवर नाही, ठरलेल्या मार्गावर शेअरने चालते. मागे तिघे आणि चौथा चालकाच्या शेजारी, एक मांडी जवळजवळ बाहेर. चालकाशेजारी बसून केलेला गडियाहाटचा प्रवास मी जीव मुठीत धरून केला.

राहिली ती दुमजली बस. लाल रंग मनात धरला तरी उपयोग नाही, दोन्ही शहरांच्या डबलडेकर लालच होत्या. मुंबईची जुनी डिझेलवरची शेवटची दुमजली बस मी निघायच्या तीनच महिने आधी, सप्टेंबरात, बंद झाली होती. आमच्या फोटोतल्या बसच्या कुशीवर एक गोल, काळपट डाग आहे. मी तो जाहिरातीचा किंवा फोटोच खराब झाल्याचा धरून सोडून दिला होता.

एस्प्लनेडच्या ट्राम थांब्यावर एक वृद्ध गृहस्थ बाकावर बसले होते. मी फोटो दाखवून हिंदीत विचारलं, "काका, ही जागा ओळखता का?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि जागेबद्दल काही न बोलता बोट त्या डागावर ठेवलं.

"बाघ-मार्का!"

सरकारी बसवर वाघाचं तोंड असायचं, ते सांगू लागले. वाचता न येणारा माणूसही वाघ बघून ओळखायचा की ही सरकारी बस, खासगी नव्हे. त्यांनी बोटाने कान दाखवले, मग जबडा. एकदा दाखवल्यावर मलाही तो दिसला, आणि आता फोटोत दुसरं काही आधी दिसतच नाही. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा मिळावी म्हणून शाळकरी वयात दोन-दोन बस सोडून द्यायचो, असंही ते म्हणाले. जागेबद्दल ते शेवटपर्यंत ठाम नव्हते. धर्मतला असेल, नसेलही. रस्त्यांचा हा भाग फार बदललाय.

रात्री आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अण्णा कलकत्त्याला कधी गेले होते गं?"

ते मलाही माहीत नाही. आल्यावर आम्ही भिंग घेऊन बसलो. आत्याने वाघ स्वतः शोधला, आणि पेन्सिल घेऊन '६६' च्या शेजारी 'कलकत्ता' लिहिलं.