सहा हजार तीनशे क्रंचेस आणि १०३ सेंटिमीटर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे निम्मेअधिक रुग्ण पाठदुखीचे असतात. त्या दिवशी आलेले सेहेचाळीस वर्षांचे गृहस्थही कंबर आखडल्याचीच तक्रार घेऊन आले होते. मात्र खुर्चीत बसताबसता त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर उघडली. रोज १५० क्रंचेस, सलग ४२ दिवस, एकही खाडा नाही आणि शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिलेली बेरीज : ६,३००. "मॅडम, कंबर दुखतेय ते ठीक आहे, पण पोट का हललं नाही, ते आधी सांगा," असे ते म्हणाले.

योगायोगाने सहा आठवड्यांपूर्वीच्या पहिल्या भेटीतली त्यांची मापे माझ्या नोंदीत होती. कमरेचा घेर १०३ सेंटिमीटर, वजन ८६ किलो आणि बेंबीच्या उजव्या बाजूला कॅलिपरच्या चिमट्यात धरलेल्या कातडीच्या वळीची जाडी ३४ मिलिमीटर. मी पुन्हा मापे घेतली. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर पट्टी ठेवली, श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचला आणि असे तीनदा केले. पट्टी १०३ वरच थांबली. वळी साडेतेहतीस भरली, पण अर्धा मिलिमीटर हा कॅलिपर धरणाऱ्या हाताचा फरक असतो. वजन ४०० ग्रॅमने वाढलेले होते. गृहस्थांचा यावर विश्वास बसेना, कारण पट्टा एक भोक आत गेल्याचे त्यांनी घरी पाहिले होते. मी त्यांना पट्टा घालून दाखवायला सांगितले, तेव्हा तो पोटाच्या खाली, कमरेच्या हाडावर बसत होता आणि बक्कल लावताना त्यांनी नकळत श्वास आत ओढून धरला. मोजमापात हीच चूक सर्रास होते. पट्टा पोटाच्या वाढीला चुकवून खाली सरकतो, त्यामुळे पोट सुटले तरी पट्ट्याचे भोक बदलत नाही आणि कधीकधी तर उलट आत जाते.

बदल झालाच नव्हता, असे मात्र नाही. सहा आठवड्यांपूर्वी ज्यांना प्लँक वीस सेकंद धरता येत नव्हता, त्यांनी त्या दिवशी सव्वा मिनिट धरला. स्नायू बळकट झाले होते. चरबी होती तिथेच होती, कारण या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी असल्या तरी त्यांचे व्यवहार वेगळे आहेत. पोटाच्या स्नायूला लागणारे इंधन त्याच्या वरच्या थरातून पाझरून येत नाही. व्यायाम सुरू झाला की ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके रक्तातून सर्व शरीरभर फिरतात, ठिकठिकाणच्या चरबीपेशी आपल्यातील साठ्याचे विघटन करून मेदाम्ले रक्तात सोडतात आणि स्नायू ती रक्तातून उचलतो. ती मांडीची आहेत, पाठीची आहेत की पोटाची, हे स्नायूला कळतही नाही. कोणत्या भागातील पेशी लवकर मोकळ्या होतात हे आनुवंशिकता, लिंग आणि वय ठरवतात. कोणता स्नायू हलतो आहे, हे नाही. काम करणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीत विघटन थोडे अधिक होते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे, परंतु ते प्रमाण इतके नगण्य आहे की पट्टीवर त्याचा मागमूस लागणार नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पुरुषांकडून २७ दिवसांत पाच हजारांवर सिट-अप्स करून घेऊन पोट, पाठ आणि नितंब अशा तीन ठिकाणच्या चरबीचे नमुने सुईने काढून तपासले होते. पेशींचा आकार तिन्ही ठिकाणी सारखाच घटला होता. पोटाला काही वेगळी सवलत मिळाली नव्हती.

हे सांगून झाल्यावर मी त्यांच्याच वहीच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला, कारण आकडेमोडीत त्यांना गोडी होती. दीडशे क्रंचेसना त्यांना साधारण आठ-दहा मिनिटे लागत. एवढ्या वेळात निव्वळ व्यायामापोटी खर्च होणारी ऊर्जा ढोबळमानाने ४० कॅलरी धरली, तर ४२ दिवसांत ती १,६८० होते. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे सहा आठवड्यांच्या कष्टाची किंमत झाली सव्वादोनशे ग्रॅमच्या आतबाहेर, आणि तीही सर्वांगावर विभागलेली. त्यांच्या अंगात त्या वेळी अंदाजे पंचवीस किलो चरबी होती. गृहस्थ बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि मग, "व्यायाम केलाय म्हणून रात्री थोडं जास्त खात होतो," अशी कबुली त्यांनी आपणहून दिली. वाढलेल्या ४०० ग्रॅमचा उलगडा त्यात असू शकतो, पण एवढी घटबढ पाण्यानेही होते, म्हणून मी ते ताणले नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांना उताणे झोपवून दाखवली. चिमटीत येणारी वळी काढून बाजूला ठेवली असे समजले, तरी त्यांचे पोट टणक आणि फुगीर होते. हा फुगवटा स्नायूच्या मागे, आतड्यांभोवती साठलेल्या चरबीचा असतो. म्हणजे क्रंचेसने बळकट होणाऱ्या पडद्याच्या पुढेही चरबी आणि मागेही चरबी. मागची चरबी आरोग्याला अधिक घातक खरी, पण एकूण ऊर्जेचा तुटवडा पडला की सहसा तीच लवकर हलते.

म्हणून उपाय पोटावर न करता एकूण हिशेबावर केला. आधी सात दिवस काहीही न बदलता खाल्लेले सगळे लिहून काढायला लावले. त्यात गोड पेये आणि रात्रीच्या जेवणानंतरचे खाणे यांचा वाटा एवढा मोठा निघाला की तेवढेच आवरून रोजची तूट ३०० कॅलरींच्या घरात गेली. आणखी दीडशे कॅलरींची तूट चालण्यातून काढली : बोलता यावे पण गाता येऊ नये, अशा वेगाने रोज पाऊण तास. स्नायू झिजू नयेत म्हणून आठवड्यातून दोन दिवस मांड्या, पाठ आणि खांद्यांसाठी वजनांचा व्यायाम ठेवला, प्रथिने कमी होऊ दिली नाहीत आणि कमरेवर ताण आणणारे क्रंचेस बंद करून प्लँक तेवढा चालू ठेवला.

पाचव्या आठवड्यात ते वैतागून आले. वजन दोन किलो उतरले होते, पण भेटणारा प्रत्येक जण "चेहरा ओढलेला दिसतो" असे म्हणत होता. चेहऱ्यावर मुळात चरबी थोडी, त्यामुळे तिथला फरक लगेच डोळ्यांत भरतो. पट्टीवर त्या दिवशी १०१ आले. सोळाव्या आठवड्यात वजन ८० किलो १०० ग्रॅम होते आणि घेर ९६.५. किलोमागे साधारण एक सेंटिमीटर, हा मला बहुतेकांमध्ये दिसणारा दर आहे. दंडाच्या मागची वळी १६ वरून १२ मिलिमीटरवर आली होती, जरी दंडासाठी त्यांनी वेगळा व्यायाम काहीच केला नव्हता.

बेंबीशेजारची वळी मात्र अजून चिमटीत येत होती, चौतीसची सत्तावीस झालेली. पुरुषांमध्ये ती बहुधा सर्वांत शेवटी हलते. ती कधी जाईल, असे त्यांनी विचारले तेव्हा मी तारीख दिली नाही; आणखी तीन किलो उतरल्यावर पुन्हा मोजू, एवढेच सांगितले. त्यांची उंची १७२ सेंटिमीटर आहे, त्यामुळे उंचीच्या निम्मा, म्हणजे ८६ च्या आत घेर आणण्यासाठी अजून साडेदहा सेंटिमीटर बाकी आहेत. वहीत आता क्रंचेसच्या जागी दोन रकाने आहेत, आठवड्याच्या सरासरी वजनाचा आणि दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या घेराचा.