एकशे चौतीस अक्षरांचा निरोप

आमच्या तालुक्याच्या गावी एका धर्मादाय संस्थेचे तपासणी केंद्र आहे आणि तिथे रुग्णांना जाणारे निरोप लिहून घेणे हे माझे काम आहे. रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी काउंटरवरच्या मोबाइलवरून प्रत्येकाला एसएमएस जातो. कित्येक वर्षे त्यात एकच वाक्य होते: "उद्या सकाळी ७ वाजता उपाशीपोटी रक्त तपासणीसाठी यावे." हे वाक्य मला पूर्ण निर्दोष वाटत असे. मग एका एकादशीला एक आजी तपासणीला आल्या आणि रक्त घेण्यापूर्वी तंत्रज्ञाने काही खाल्ले का असे विचारल्यावर म्हणाल्या, "नाही हो, उपासच आहे माझा, फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली." त्यांचे काहीही चुकले नव्हते. आमच्या भागात उपाशी आणि उपास हे शब्द बोलताना एकमेकांच्या इतके जवळ आहेत की तो घोटाळा आमच्या वाक्यानेच घातला होता. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा किलोमीटर यावे लागले, आणि त्याच दिवशी मी निरोप नव्याने लिहून घ्यायचे ठरवले.

सुरुवात मी वाचणाऱ्यांच्या प्रश्नांपासून केली. काउंटरवर बसणाऱ्या मावशींना मी आठवडाभर एक वही दिली आणि तपासणीविषयी फोनवर जे काही विचारले जाईल ते त्याच शब्दांत लिहायला सांगितले. आठवड्याअखेर वहीत फिरून फिरून पाचच गोष्टी होत्या: किती वाजता यायचे, रात्री कितीपर्यंत जेवलेले चालेल, चहा चालेल का, पाणी प्यायचे का आणि रोजच्या गोळ्यांचे काय करायचे. चहाचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला होता, कारण बहुतेकांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हेच. काही जण उलट इतके काटेकोर होते की रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेत नसत, आणि मग सकाळी त्यांची शीर सापडणे अवघड होई.

लिहिण्याचे काम माझ्या सहकारी बाईंकडे होते. मी त्यांच्याकडे एकाच वेळी तीन मसुदे मागितले, ७० अक्षरांचा, १३४ अक्षरांचा आणि २०१ अक्षरांचा. हे आकडे एसएमएसच्या मापातून आले आहेत. देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा असतो. मजकूर त्याहून मोठा झाला की भाग जोडण्याची खूण प्रत्येक भागात थोडी जागा घेते आणि भागाला ६७ अक्षरेच उरतात. शिवाय इथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जातात. डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसणारा "रक्त" हा शब्द फोन चार धरतो, आणि "द्यायला" सात. भाग जितके जास्त तितका खर्च जास्त, आणि जुन्या बटणांच्या फोनवर दुसरा भाग कधी कधी पहिल्याच्या आधी येऊन पडतो.

पहिल्या खेपेला बाईंनी सर्वांत मोठा मसुदा लिहिला आणि त्यातलाच मजकूर छाटून बाकीचे दोन तयार केले. ते मसुदे वाचताना छाटणीच्या खुणा लगेच दिसत होत्या. मधल्या मसुद्यात "सदर तपासणीसाठी" होते, पण तपासणीचा उल्लेख करणारे आधीचे वाक्य गेलेले होते. "तसेच" होते, पण ते कशाला जोडायचे तेच उरले नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी की मोठ्या मसुद्यात आधी आलेली गोष्ट छोट्यातही टिकली होती आणि शेवटी असलेली, म्हणजे नेमका गोळ्यांचा मुद्दा, पहिल्यांदा गळाली होती. म्हणून मी विनंती केली की तिन्ही मसुदे पाच प्रश्नांची यादी समोर ठेवून, एकमेकांकडे न पाहता, कोऱ्या कागदावर लिहावेत. हे त्यांना जादा काम वाटले आणि ते होतेही, पण दुसऱ्या खेपेला १३४ चा मसुदा अगदी वेगळा उतरला: त्यात "कृपया", "आपण" आणि "यावे" राहिले नाही, चहा मात्र आला.

मग निवड. मी सर्वांत छोट्यापासून सुरुवात केली, आणि जो पहिला पुरेसा ठरेल तिथेच थांबायचे असे मनाशी ठरवले होते. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना मी मसुदा दाखवत असे, पण "समजले का?" असे विचारत नसे, कारण त्याला सगळेच मान हलवतात. मी विचारत असे, "हा निरोप तुम्हाला आज आला, तर उद्या सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय कराल ते सांगा." सत्तर अक्षरांचा मसुदा ऐकून पहिल्याच काकांनी सकाळच्या चहापासून सुरुवात केली, तेव्हा तो बाद झाला. एकशे चौतीसचा मसुदा चहा, फराळ आणि पाणी या तिन्ही जागी टिकला. त्यात शेवटी "शुगरची गोळी घेऊ नका, सोबत आणा" एवढे होते, आणि तो वाचून एका गृहस्थांनी सांगितले की ते उद्या बीपीची गोळीही घेणार नाहीत, गोळ्या बंदच ठेवायच्या तर सगळ्याच ठेवलेल्या बऱ्या.

इथे तिन्ही मसुदे एकाच वेळी हाताशी असल्याचा उपयोग झाला. २०१ च्या मसुद्यात बीपीच्या गोळीचा उल्लेख होता. मधल्या मसुद्यात १२१ अक्षरे झाली होती, म्हणजे १३ शिल्लक होती, आणि "बीपीची घ्या." हे त्याआधीची मोकळी जागा धरून बरोबर १३ भरते. आमच्या डॉक्टरांनी मजकूर तपासून मान्यता दिल्यावर निरोप असा ठरला:

"उद्या सकाळी ७ ला रक्त द्यायला या. आज रात्री ९ नंतर चहा, फराळ, काहीही नको; साधे पाणी चालेल. शुगरची गोळी घेऊ नका, सोबत आणा. बीपीची घ्या."

मोठ्या मसुद्यात आणखी एक माहिती होती: नाश्त्यानंतर दोन तासांनी दुसऱ्यांदा रक्त घेतले जाते, त्यामुळे थांबावे लागेल. ती सोडताना मी बराच वेळ घुटमळले. पण ती ठाऊक नसल्यामुळे कोणाची सकाळची तपासणी वाया जात नाही, आणि पहिले रक्त दिल्यावर काउंटरवर ती सांगता येते. म्हणून ती तिथल्या चिठ्ठीवर गेली. इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र हा निरोप आम्ही पाठवत नाही. त्यांना किती वेळ उपाशी ठेवायचे आणि मात्रा कधी घ्यायची हे माणसागणिक बदलते, आणि रक्तातली साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारून मावशी त्यांना फोनच करतात.

निरोपात आता एकाही अक्षराची जागा नाही. "७" च्या जागी "१०" लिहिले तरी तो १३५ वर जातो आणि तीन भागांत फुटतो. मावशींनी काउंटरवर तशी चिठ्ठी चिकटवली आहे: उपाशीपोटी तपासणीच्या वेळा फक्त ७, ८ आणि ९.