कोन्याचं पठार : पेरणारे आणि न पेरणारे

तुर्कस्तानातल्या कोन्या शहराबाहेर पडलं की जमीन तव्यासारखी सपाट होते. उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना कालव्याच्या पाण्यावरची बीट आणि गव्हाची शेतं, आणि मधूनच एखादं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड. बहुतेक प्रवासी यातलं एकच टेकाड पाहतात, चातालहोयुक, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. माझं सांगणं असं की तिथे आधी जाऊ नका. त्याच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर हायरोलू गावाजवळ बोन्जुक्लू आहे, तिथून सुरुवात करा. शेती कशी आली हे चातालहोयुकमध्ये दिसत नाही, तिथे ती रुळून गेलेली आहे. बोन्जुक्लूत ती नुकती हातात घेतलेली दिसते.

बोन्जुक्लू म्हणजे साधारण हेक्टरभराचा बुटका उंचवटा. न सांगता कुणी थांबणार नाही. इ.स.पू. ८३००च्या सुमारास इथे लोक लंबगोल, कच्च्या विटांच्या घरांत राहायला लागले आणि पाचएकशे वर्षं राहिले. उत्खनन करणाऱ्यांनी तशी काही घरं जवळच बांधून ठेवली आहेत. वाकून आत गेलात की मांडणी लगेच कळते. एका बाजूला चूल आणि राखेने मळलेली जमीन, दुसऱ्या बाजूला पुन्हा पुन्हा लिंपलेली स्वच्छ जमीन, आणि तिच्याखाली घरातली माणसं पुरलेली. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरांत जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली मुलं ज्यांनी वाचली-पाहिली आहेत, त्यांना हे फार परकं वाटणार नाही, मात्र दोन्हींत सहा हजारांहून जास्त वर्षांचं अंतर आहे.

हे लोक खात काय होते? तेव्हा या पठारावर पाणथळ भाग होते, बोरू माजलेले. रानबैल, रानडुक्कर, मासे, पाणपक्षी यांवर गुजराण चाले. आणि जोडीला थोडा गहू. थोडाच. पिकवलेला गहू कसा ओळखायचा, यासाठी दाणा नव्हे, ओंबीचा दांडा पाहतात. रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटून विखुरते, आणि तुटल्या जागी गुळगुळीत व्रण राहतो. लागवडीच्या गव्हाची ओंबी झाडालाच राहते आणि कांडून तोडावी लागते, म्हणून व्रण खडबडीत, फाटल्यासारखा असतो. खोदलेली माती पाण्यात ढवळतात, जळून कोळसा झालेले कण वर तरंगतात, ते बारीक चाळणीने टिपतात आणि भिंगाखाली हे व्रण मोजतात. कंटाळवाणं काम आहे, पण शेतीच्या सुरुवातीबद्दलचे बरेच निर्णय या मिलिमीटरभर तुकड्यांवर ठरतात.

यात फसगत होण्याची एक जागा आहे. लाकूड कमी असलेल्या मुलखात लोक शेणी जाळतात. मेंढीने खाल्लेलं गवताचं बी शेणातून चुलीत जातं, जळतं, आणि हजारो वर्षांनी ते माणसाचं अन्न म्हणून मोजलं जाऊ शकतं. म्हणून चुलीतल्या राखेतलं बी आणि साठवणीच्या कणगीतलं बी वेगळं धरावं लागतं. कुठल्याही वस्तीबद्दल ‘इथले लोक अमुक इतक्या जातींचं रानबी खायचे’ असं वाचलंत, तर ते बी कुठल्या थरातून आलं हे आधी विचारा.

आता पनारबाशी. बोन्जुक्लूपासून तीसएक किलोमीटरवर, कारादा डोंगराच्या बाजूला, कातळाचा आडोसा आणि जवळ झरा. बोन्जुक्लूत गहू पेरला जात होता त्याच शतकांत इथेही माणसं राहत होती. त्यांनी पेरलं नाही. ते बदाम आणि रानपिस्त्याच्या जातीची फळं गोळा करत, शिकार करत. दोन वस्त्यांमधलं अंतर एका लांब दिवसाच्या चालीचं. शेजाऱ्यांकडे काय चाललंय हे त्यांना माहीत नसेल, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट डीएनएमधून कळली. पनारबाशीतच सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या एका माणसाची हाडं मिळाली, आणि बोन्जुक्लूचे शेतकरी वंशाने बहुतांशी त्याच स्थानिक लोकांचे निघाले. म्हणजे पूर्वेकडून शेतकऱ्यांची झुंड आली आणि तिने शिकाऱ्यांना हुसकावलं, असं इथे घडलं नाही. बियाणं बाहेरून आलं, माणसं इथलीच राहिली. एकाने ते मातीत टाकलं, शेजाऱ्याने नाही टाकलं. युरोपात पुढे वेगळं झालं, तिथे अनातोलियातूनच शेतकरी स्थलांतर करून गेले. एका प्रदेशाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की घोटाळा होतो तो असा. पुढे बोन्जुक्लू आणि पनारबाशी या दोन्ही वस्त्या इ.स.पू. ७८००च्या सुमारास थांबल्या.

चातालहोयुक सुरू होतं इ.स.पू. ७१००च्या आसपास. पूर्वेचं टेकाड तेरा हेक्टरांचं, एकवीस मीटर उंच, आणि ती सगळी उंची घरावर घर बांधून झालेली. जेम्स मेलार्टने १९६१ ते १९६५मध्ये इथे खोदलं, नंतर १९९३पासून इयन हॉडरच्या चमूने पाव शतक काम केलं. दोन मोठ्या छपरांखाली खोदलेला भाग पाहता येतो. आधी प्रतिकृतीच्या घरात शिरा, म्हणजे छपराखालच्या भिंतींचा अर्थ लागतो. गल्ल्या नाहीत. घरं एकमेकांना खेटून, ये-जा धाब्याच्या सपाट छतांवरून, आणि आत उतरायला शिडी. शिडीच्या पायथ्याशी भट्टी, म्हणजे माणूस ज्या भोकातून उतरणार त्यातूनच धूर बाहेर जाणार. उरलेला घरातच. काही म्हाताऱ्या माणसांच्या फासळ्यांच्या आतल्या बाजूला काजळीचा काळा थर सापडला आहे, तो याच धुराचा. भिंतींना पांढऱ्या चिकणमातीचा हात दिला जाई आणि काजळी धरली की पुन्हा. काही भिंतींवर असे शेकडो पातळ थर मोजले गेले आहेत.

जेवण पार बदललेलं होतं. मेंढ्या-शेळ्या पाळलेल्या, गहू, बार्ली, वाटाणा, मसूर पेरलेले. गव्हात मोठा वाटा होता खपलीचा, तोच जो सांगली-साताऱ्याकडे अजून पेरतात. ज्याने खपली हाताळली आहे त्याला कळेल की तिची मळणी केली तरी दाणा सुटत नाही, टरफलासकट कुडी हातात येते. ती कांडायची, पाखडायची, पुन्हा कांडायची, मग दगडावर दळायची. हे काम रोजचं असे, कारण टरफलासकट ठेवलेलं धान्य जास्त टिकतं, म्हणून लागेल तेवढंच सोडवत. सीरियातल्या अबू हुरेरा या त्याच युगाच्या वस्तीत बायकांच्या पायाची बोटं, गुडघे आणि कंबर तासन्‌तास गुडघ्यांवर बसून दळल्याने झिजलेली आढळली. शिकाऱ्याच्या दिवसापेक्षा हा दिवस हलका होता, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शिजवण्यातही मोठा बदल मधल्या काळात झाला. सुरुवातीला मातीचे मुठीएवढे गोळे तापवून त्यांच्या उष्णतेवर शिजवत. त्यासाठी सतत गोळे बदलत बसावं लागतं. इ.स.पू. ६५००च्या सुमारास आगीवर टिकणारी मडकी आली. मडकं चुलीवर ठेवून दुसऱ्या कामाला लागता येतं, आणि धान्य मऊ, चिकट होईपर्यंत शिजवता येतं.

ही चिकट पेज दातांना बसते. प्रौढांच्या सापडलेल्या दातांपैकी दहा ते तेरा टक्के किडलेले आहेत. सातशेहून जास्त व्यक्तींच्या हाडांचा अभ्यास क्लार्क लार्सन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केला, हे आकडे त्यातले. सुरुवातीच्या काळातल्या सुमारे एक तृतीयांशपर्यंत हाडांवर संसर्गाच्या खुणा आहेत. कारण शोधायला लांब जावं लागत नाही: घराबाहेरचे उकिरडे भिंतीला लागून, मेंढ्यांचे वाडे वस्तीत, घराच्या जमिनीवर शेण आणि माणसाच्या विष्ठेचे अंश. जुन्या वाळलेल्या विष्ठेत चाबूककृमीची अंडीही सापडली आहेत. हा कृमी विष्ठेतून मातीत आणि मातीतून तोंडात जातो. मुक्काम हलवणाऱ्या टोळीची विष्ठा मागे राहते, टेकाडावरच्या माणसाची पायाखाली.

दाटीचा आणखी एक हिशेब कवट्यांत आहे. तपासलेल्या ९३ कवट्यांपैकी २५ वर भरून आलेल्या फ्रॅक्चरच्या खुणा, त्यांतल्या १२ जणांना एकाहून जास्त वेळा मार बसलेला. जखमा बहुतेक डोक्याच्या वर किंवा मागे, आणि खड्ड्याचा आकार मातीच्या कडक गोळ्याशी जुळणारा. मार बसलेल्यांत बायका पुरुषांपेक्षा थोड्या जास्त. मेले नाहीत, जखम भरली, म्हणजे ही लढाई नव्हे. गर्दी वाढलेल्या मधल्या काळात हे प्रमाण जास्त आहे. वस्ती नक्की किती मोठी होती यावर मात्र वाद आहे. जुना अंदाज ३,५०० ते ८,००० माणसांचा, अलीकडे काही अभ्यासक एका वेळी हजाराच्याही आत सांगतात. सगळी घरं एकाच वेळी नांदती होती की नाहीत, यावर ते ठरतं.

मग लोक परत शिकारीकडे का गेले नाहीत? ‘शेतीने माणूस आजारी पडला’ हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, पण ते अर्धंच आहे. याच हाडांवरून दिसतं की मधल्या काळात जन्म वाढले. वर्षभर एका जागी राहणाऱ्या, कणगीत धान्य असलेल्या घरात दोन मुलांमधलं अंतर कमी होऊ शकतं, कारण मूल कडेवर घेऊन मैलोन्‌मैल चालायचं नसतं आणि पेजेवर त्याचं दूध लवकर सोडवता येतं. वाढलेली तोंडं बोरूच्या पाणथळीतल्या शिकारीवर पोसता येत नाहीत. आजार सोसूनही लोकसंख्या वाढत गेली आणि परतीची वाट बंद झाली.

शेवटच्या टप्प्यात पायांची हाडं सांगतात की लोक आधीपेक्षा जास्त चालायला लागले होते. जवळची जमीन आणि कुरणं पुरेनाशी झाली असणार, शेतं आणि कळप लांब गेले. घरं सुटी-सुटी झाली, आणि इ.स.पू. ६०००च्या सुमारास पूर्वेचं टेकाड ओस पडत गेलं. वस्ती पश्चिमेच्या टेकाडावर सरकली. ते पाहायला फार कुणी जात नाही, पण तिथल्या इ.स.पू. ५९००च्या आसपासच्या खापरांवर आतून चुन्यासारखा थर बसला होता, आणि त्यात अडकलेली प्रथिने २०१८मध्ये वाचली गेली. बार्ली, गहू, वाटाणा आणि दूध, काही भांड्यांत तर एकत्र.