गुणतक्त्याचा प्रोग्राम, टप्पा तिसरा: समान गुणांचे संघ

फुटबॉलच्या साखळी सामन्यांचे निकाल भरले की गुणतक्ता आपोआप तयार करून देणाऱ्या माझ्या पायथनमधील प्रोग्रामचे काम आता समान गुणांच्या संघांची बरोबरी सोडवण्यापर्यंत आले आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगपुरते हे काम एका ओळीत आटोपते, कारण तिथे समान गुण असल्यास आधी एकूण गोलफरक आणि मग केलेले गोल पाहिले जातात.

```
rows.sort(key=lambda r: (r.pts, r.gd, r.gf), reverse=True)
```

स्पेनच्या ला लीगासाठी मात्र ही ओळ कुचकामी ठरते. तिथे आधी बरोबरीतल्या संघांचे आपसातील निकाल पाहतात, आणि एकूण गोलफरकाची पाळी त्यानंतर येते. गोलफरक हा त्या-त्या संघाचा स्वतःचा आकडा असल्यामुळे तो त्याच्या ओळीत लिहून ठेवता येतो; आपसातील निकालाचा आकडा मात्र बरोबरीत नेमके कोणकोण आहे हे ठरल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. दोन-दोन संघांची तुलना करत क्रम लावावा, तर ‘अ’ने ‘ब’ला, ‘ब’ने ‘क’ला आणि ‘क’ने ‘अ’ला हरवलेले असल्यास तुलना गोल-गोल फिरत राहते आणि संघांची नावे ज्या क्रमाने भरली असतील त्यानुसार उत्तर बदलते. म्हणून समान गुणांचे सगळे संघ एकत्र बाजूला काढून, फक्त त्यांच्या आपसातील सामन्यांचा एक छोटा गुणतक्ता मांडणे हाच खरा उपाय आहे.

चाचणीसाठी हंगाम निवडताना दोन्ही नियमांची उत्तरे वेगळी येतील असाच निवडावा लागतो. इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान हे दोघेही ४० गुणांवर थांबले होते. परंतु मुंबईने गोव्यात झालेले आपसातील दोन्ही सामने १-० आणि २-० असे जिंकले होते आणि तिचा एकूण गोलफरकही सरस होता, त्यामुळे नियम उलटसुलट झाले तरी प्रोग्राम बरोबरच दिसला असता. याउलट २००६-०७ च्या ला लीगात रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचे प्रत्येकी ७६ गुण झाले, तेव्हा बार्सिलोनाचा गोलफरक +४५ आणि रेआलचा +२६ होता, तरी विजेतेपद रेआलला मिळाले, कारण माद्रिदमधील सामना त्यांनी २-० असा जिंकला होता आणि बार्सिलोनातील सामना ३-३ असा सुटला होता. इथे एक पोटनियम सांभाळावा लागला: आपसातील दोन्ही सामने होईपर्यंत हा निकष लावायचा नसतो, त्यामुळे हंगामाच्या मध्यावरचा तक्ता गोलफरकावरच लावावा लागतो.

तीन संघांसाठी २००४ च्या युरो स्पर्धेतील क गटाइतकी चांगली चाचणी मला माहीत नाही. स्वीडन, डेन्मार्क आणि इटली या तिघांनीही बल्गेरियाला हरवले आणि आपसात मात्र सगळे सामने बरोबरीत सोडवले, त्यामुळे तिघांचेही ५ गुण झाले. इटली-डेन्मार्क ०-०, इटली-स्वीडन १-१ आणि डेन्मार्क-स्वीडन २-२. छोट्या तक्त्यात प्रत्येकाचे २ गुण आणि गोलफरक शून्य; त्यामुळे निर्णय आपसात केलेल्या गोलांवर आला, ते स्वीडनचे ३, डेन्मार्कचे २ आणि इटलीचा १ असे होते, आणि इटली बाहेर पडली.

याच गटात शेवटच्या सामन्याचे आकडे बदलून पाहिले तर नियमाची रचना उलगडते. डेन्मार्क-स्वीडन सामना ०-० सुटला असता, तर आपसात एकही गोल न केलेला डेन्मार्क बाहेर गेला असता. तोच १-१ सुटला असता, तर स्वीडनचे २ गोल आणि उरलेल्या दोघांचा प्रत्येकी १ गोल झाला असता. आता स्वीडन सुटला, पण दोघे अजून अडकलेलेच. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या सध्याच्या नियमानुसार अशा वेळी निकष पुन्हा पहिल्यापासून, पण फक्त उरलेल्या दोघांमधील सामन्याला लावतात. तो ०-० असल्यामुळे शेवटी एकूण गोलफरकावर +२ चा डेन्मार्क +१ च्या इटलीपुढे गेला असता. इटलीने खेळलेल्या एकाही सामन्याचा निकाल न बदलता तिची जागा अशी बदलते, हे मला या पद्धतीतले सर्वांत खटकणारे, आणि खरे सांगायचे तर सर्वांत रंजक, वैशिष्ट्य वाटते.

प्रोग्राममध्ये यासाठी फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावते. गट लहान झाला तरच ते पुन्हा बोलवायचे, ही अट आवश्यक आहे; ती नसेल तर तोच गट पुनःपुन्हा तपासला जाऊन प्रोग्राम कधी थांबतच नाही.

पुढचा टप्पा इटलीच्या ‘सेरी आ’ या लीगचा आहे. तिथे २०२२-२३ पासून अव्वल दोन संघांचे गुण समान झाल्यास विजेतेपदासाठी वेगळा सामना खेळवण्याचा नियम आहे, म्हणजे तक्त्याला त्या जागी क्रम न देता ‘निर्णय बाकी’ एवढेच लिहिता आले पाहिजे.