हयातीच्या दाखल्याच्या नावाने आलेला फोन आणि ओटीपी : माझा अनुभव

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि त्याच सुमारास बँकेच्या नावाने खोटे फोन करणाऱ्यांना एक सोयीचे निमित्त मिळते. माझ्या आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांना असाच फोन आला आणि त्यांच्या खात्यातून ४९,००० रुपये गेले. त्यानंतरची तक्रारीची सगळी प्रक्रिया मी त्यांच्याबरोबर राहून पूर्ण केली. फोनवर नेमके काय घडते आणि पैसे गेल्यावर काय करावे लागते, हे घरातील ज्येष्ठांना वाचून दाखवता यावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

फोन करणारा माणूस स्वच्छ मराठीत आणि अदबीने बोलत होता. "नमस्कार मॅडम, मी आपल्या बँकेच्या पेन्शन विभागातून बोलतोय," असे सांगून त्याने आत्यांचे पूर्ण नाव, निवृत्तीचे वर्ष आणि खातेक्रमांकाचे शेवटचे चार आकडे स्वतःहून सांगितले. इथेच त्यांचा विश्वास बसला, कारण एवढी माहिती बँकेखेरीज कोणाकडे असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात अशी माहिती चोरीला गेलेल्या याद्यांमधून किंवा भरून दिलेल्या अर्जांमधून बाहेर पडलेली असू शकते. समोरच्याला आपली माहिती आहे, एवढ्यावरून तो बँकेचा माणूस ठरत नाही.

आत्यांनी दाखला आधीच दिला होता. बँकेत कोषागाराकडून आलेल्या यादीवर त्यांनी सही केली होती. पण ती सही संगणकावर चढलेली नाही, त्यामुळे पुढच्या महिन्याचे पेन्शन थांबेल, असे त्या माणसाने सांगितले आणि बँकेत खेटे घालण्याऐवजी हे काम फोनवरच करून देण्याची तयारी दाखवली. ओळख पटवण्यासाठी म्हणून त्याने डेबिट कार्डावरचा सोळा आकडी क्रमांक आणि कार्डाची मुदत विचारून घेतली. मग म्हणाला, "आता तुम्हाला मेसेज येईल, त्यातले आकडे फक्त वाचून दाखवा. फोन मात्र कट करू नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

ओटीपी काही मिनिटांपुरताच चालतो. फोन ठेवून कोणी मुलाला विचारले किंवा संदेश नीट वाचला, तर त्याची मुदत संपते आणि चोराच्या हाती काही लागत नाही. म्हणून हे लोक घाई करतात आणि फोन चालूच ठेवायला लावतात. शिवाय फोन कानाला लावलेला असताना संदेश वाचता येत नाही, त्यामुळे ते स्पीकर सुरू करायला सांगतात आणि लक्ष फक्त आकड्यांवर राहील असे बोलत राहतात.

आत्यांनी एकामागून एक तीन ओटीपी वाचून दाखवले. नंतर आम्ही ते तिन्ही संदेश उघडून शांतपणे वाचले. ते इंग्रजीत होते, पण प्रत्येकात तो आकडा कशासाठी आहे हे लिहिलेले होते. पहिला ओटीपी इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड बदलण्यासाठी होता, दुसरा पैसे पाठवण्यासाठी नवे खाते जोडण्याचा होता आणि तिसऱ्यात ४९,००० रुपये पाठवण्यासाठी, असे रकमेसह लिहिले होते. हयातीच्या दाखल्याचा उल्लेख एकाही संदेशात नव्हता. ओटीपी कोणालाही सांगू नका, ही सूचनाही प्रत्येक संदेशाच्या शेवटी होती. चौथा संदेश आला तेव्हा मी योगायोगाने त्यांच्या घरी पोहोचले आणि फोन बंद केला. तो आणखी पैसे पाठवण्यासाठीचा ओटीपी होता.

मला या सगळ्यातून ज्येष्ठांना सांगावीशी वाटणारी मुख्य गोष्ट हीच आहे, की संदेशातील आकड्यांच्या आधी त्यातील शब्द वाचावेत, आणि इंग्रजी वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला तो संदेश दाखवेपर्यंत फोन ठेवून द्यावा. "ओटीपी कोणालाही सांगू नका" ही सूचना आत्यांनी अनेकदा ऐकली होती. तरीही ती उपयोगी पडली नाही, आणि त्याचे कारण मला नंतर त्यांच्याशी बोलताना समजले. घरी गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा मुलगा दर वेळी मोबाइलवर आलेला कोड विचारतो आणि तो सांगावाच लागतो. घरपोच मागवलेल्या वस्तूंचेही कधीकधी तसेच असते. त्यामुळे "कोणालाही" या शब्दाला त्यांच्या रोजच्या व्यवहारात आधीच अपवाद झालेले होते.

म्हणून आता आम्ही त्यांना फरक करून सांगितला आहे. सिलिंडर दारात आलेला असताना, संदेशावर गॅस कंपनीचे नाव पाहून, तो कोड समोरच्या माणसाला सांगायचा. बँकेच्या नावाने आलेला आकडा मात्र फोनवरील कोणत्याही माणसाला सांगायचा नाही, मग तो स्वतःला शाखेचा व्यवस्थापक म्हणवून घेवो, पेन्शन विभागाचा माणूस म्हणवून घेवो किंवा पोलीस. बँकेच्या कोणत्याही कामासाठी बँकेच्या माणसाला आपला ओटीपी तोंडी लागत नाही. "पैसे कापले जाणार आहेत, ते थांबवण्यासाठी ओटीपी सांगा," असेही काही जण म्हणतात. तेही खोटे असते. व्यवहार होऊ द्यायचा नसेल तर आलेला ओटीपी कोणालाही न देणे एवढेच पुरते.

फोन बंद केल्यावर आम्ही प्रथम डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला फोन केला. आत्यांच्या मोबाइलवर आलेल्या किंवा इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर करू नये, कारण तिथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात. कार्ड आणि इंटरनेट बँकिंग दोन्ही बंद करायला सांगितले आणि तक्रार क्रमांक मागून वेळेसह कागदावर लिहून घेतला. लगेच १९३० हा क्रमांक लावला. सायबर गुन्ह्यात गेलेल्या पैशांसाठीचा हा सरकारी मदत क्रमांक आहे. त्यांनी बँकेचे नाव, खातेक्रमांक, रक्कम, वेळ आणि पैसे कापल्याच्या संदेशातील व्यवहार क्रमांक विचारला. हा शेवटचा क्रमांक फार महत्त्वाचा असतो, म्हणून घाबरून संदेश पुसून टाकू नयेत. नंतर मोबाइलवर पोच क्रमांक आला आणि तो घेऊन cybercrime.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आम्ही पूर्ण तक्रार नोंदवली.

ही घाई करण्याचे कारण पैशांच्या प्रवासात आहे. चोरीचा पैसा पहिल्या खात्यात थांबत नाही. दुसऱ्याच कोणाच्या नावाने उघडलेल्या खात्यांतून तो पुढे पुढे सरकवला जातो आणि शेवटी एटीएममधून काढला जातो. १९३० वर तक्रार गेली की ती त्या त्या बँकेकडे पोहोचते आणि खात्यात जी रक्कम उरलेली असेल ती रोखून धरता येते. आत्यांच्या ४९,००० पैकी ३१,२०० रुपये अशा प्रकारे दुसऱ्या खात्यात रोखले गेले आणि उरलेले १७,८०० रुपये तोपर्यंत काढून घेतलेले होते.

रोखलेली रक्कम आपोआप खात्यात परत येते असा आमचा समज होता, पण तसे झाले नाही. पोलीस ठाण्यात कागदपत्रे द्यावी लागली, न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि आदेश झाल्यावर तो संबंधित बँकेकडे गेला, तेव्हा पैसे जमा झाले. यात बरेच महिने गेले. आत्यांना प्रत्येक ठिकाणी तीच हकिकत पुन्हा सांगावी लागली, आणि मला त्याचेच सर्वांत जास्त वाईट वाटले. शक्य असेल तर घटनाक्रम एकदाच नीट लिहून त्याच्या प्रती जवळ ठेवाव्यात आणि ज्येष्ठांबरोबर घरातील कोणीतरी जावे.

उरलेल्या १७,८०० रुपयांसाठी आम्ही शाखेत लेखी तक्रार दिली. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या परिपत्रकाचा आधार घेऊन ती नाकारली. ग्राहकाच्या चुकीशिवाय बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही, असे ते परिपत्रक सांगते. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याला सोसावे लागते. कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे असते, आणि म्हणूनच तक्रार क्रमांकाबरोबर वेळही लिहून ठेवावी. बँकेच्या उत्तराने समाधान झाले नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. आमच्या बाबतीत नियम स्पष्ट होता, म्हणून आम्ही तिथे गेलो नाही.

नातेवाइकांना पाठवण्यासाठी आणि टेलिफोनजवळ मोठ्या अक्षरांत लावण्यासाठी मी पुढील मजकूर तयार केला आहे. तो कोणीही जसाच्या तसा पुढे पाठवावा.

"बँकेतून बोलतो असे सांगून कोणी ओटीपी, पिन किंवा कार्डाचा क्रमांक विचारला, तर काही न बोलता फोन ठेवा. पेन्शन थांबेल, खाते बंद होईल असे म्हणाला तरी ठेवा. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन विचारा, एका दिवसाने पेन्शन थांबत नाही. पैसे गेलेच, तर कोणी रागावेल म्हणून लपवू नका. लगेच कार्डामागील क्रमांकावर बँकेला आणि १९३० वर फोन करा, मग घरच्यांना सांगा."

मजकुरातील लपवण्याविषयीचे वाक्य मी मुद्दाम घातले. त्या दिवशी मी पोहोचले नसते तर संध्याकाळपर्यंत कोणाला सांगितलेच नसते, असे आत्या नंतर म्हणाल्या. सुनेला आणि मुलाला काय वाटेल, याची त्यांना पैशांपेक्षा जास्त धास्ती होती. तोपर्यंत ३१,२०० रुपयेही खात्यातून निघून गेले असते. ज्येष्ठांना हा मजकूर पाठवताना घरातील तरुणांनीही ते एक वाक्य आपल्या तोंडाने त्यांना सांगावे.

तक्रार दिल्यावर काही दिवसांनी आत्यांना आणखी एक फोन आला. तो माणूस स्वतःला सायबर पोलीस म्हणवत होता, गेलेले पैसे परत मिळवून देतो म्हणत होता आणि त्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, असे त्याचे म्हणणे होते. या वेळी आत्यांनी फोन ठेवला, संदेश मला दाखवला, आणि तक्रारीचा पोच क्रमांक घेऊन आम्ही स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन चौकशी केली. तिथून कोणीही फोन केलेला नव्हता.