लालबागच्या मसाल्याची जाहिरात आणि ब्रीफमधली एक ओळ

मी छोट्या धंद्यांसाठी जाहिरातीच्या स्क्रिप्ट लिहिते, बहुतेक 30 सेकंदांच्या, फोनवर उभ्या बघायच्या. मे महिन्यात लालबागच्या एका मसालेवाल्या काकांचं काम आलं. दुकानात मिरच्यांची पोती, मागे डंके, आणि त्या दिवसांत वर्षाचा मसाला कुटून घ्यायला आलेल्या बायकांची रांग फुटपाथपर्यंत. मी काकांना आधीच सांगितलं होतं की एका पानावर ब्रीफ लिहून द्या, म्हणजे चार गोष्टी, कोणासाठी, कशासाठी, किती पैशात आणि कुठल्या सुरात. काकांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर खरंच लिहून दिलं, छान अक्षरात.

त्यात असं होतं: प्रेक्षक, मुंबईतल्या सगळ्या गृहिणी. उद्देश, विक्री वाढली पाहिजे. बजेट 60 हजार. टोन, भावनिक, थोडा विनोदी, मॉडर्न.

मी त्यावरून पहिला ड्राफ्ट लिहिला. गच्चीवर चादरीवर वाळणाऱ्या बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या, आई आणि मुलगी पिशव्या घेऊन लोकलने लालबागला येतात, डंक्यासमोर उभ्या राहतात, आई मुलीला सांगते की दगडफूल जास्त भाजायचं नाही. मला तो ड्राफ्ट आवडला होता आणि तो वाचून दाखवायला मी दुपारी दुकानात गेले. डंका चालू असताना शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं म्हणून काकांनी मला आत गोडाऊनमध्ये नेलं, पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग म्हणाले, "ताई, सुंदर लिहिलंय. पण ह्या दोघी दुकानात का आल्या?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. काका म्हणाले, बाहेरची रांग बघितली ना, मार्च ते मे माझे डंके सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात, अजून दहा बायका आल्या तर त्यांना परत पाठवावं लागेल. पाऊस सुरू झाला की मात्र दुकान रिकामं. मिरच्या उन्हाळ्यातच वाळवून भरून ठेवलेल्या असतात, माणसं पगारावर असतात, आणि कुटायला काम नसतं. मला विक्री हवीय ती जुलैपासून दिवाळीपर्यंत, अर्धा किलोच्या पाकिटांची, घरपोच.

म्हणजे "विक्री वाढली पाहिजे" ही ओळ खरी होती, पण तिच्यात कधी, कुठल्या मालाची आणि कुठून हे काहीच नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं, ती माझी चूक. माझ्या स्क्रिप्टने त्यांच्या भरलेल्या दुकानात अजून माणसं आणली असती, आणि जुलैत जाहिरात लावली असती तर बाहेर पाऊस पडत असताना पडद्यावर मिरच्या वाळत असत्या. त्या एका ओळीने सगळी स्क्रिप्ट पडली.

मग आम्ही तिथेच पोत्यावर बसून पान परत लिहायला घेतलं. उद्देश बदलल्यावर प्रेक्षक आपोआप बदलला. ज्या बाईने मे महिन्यात वर्षाचा मसाला भरून ठेवलाय ती जुलैत अर्धा किलो कशाला घेईल? मी काकांना विचारलं की पावसाळ्यात जे थोडे फोन येतात ते कोणाचे असतात. ते लगेच म्हणाले, लग्न होऊन विरार, बदलापूरकडे गेलेल्या मुलींचे, आईने दिलेला मसाला संपलेला असतो, फ्लॅटमध्ये मिरच्या वाळवायला जागा नसते आणि नोकरी सोडून लालबागला यायला वेळ नसतो. झालं, "सगळ्या गृहिणी" खोडलं आणि तिथे लिहिलं, नोकरी करणारी, लांब राहणारी, जिच्या बरणीत तळाला दोन चमचे उरलेत. आता मला घर दिसत होतं, वेळ दिसत होती (रात्रीचे आठ, ऑफिसातून येऊन ओली छत्री दाराशी), हातातली बरणीसुद्धा.

बजेटच्या ओळीत मी नेहमी एकच गोष्ट विचारते, ह्यात काय काय धरलंय. काकांच्या मनात 60 हजारात सगळंच होतं, इन्स्टाग्रामवर जाहिरात चालवायचे पैसेसुद्धा. हे लेखकाला शेवटी कळलं तर पानंच्या पानं वाया जातात. आम्ही पेन घेऊन मांडलं: जाहिरात चालवायला 15 हजार, माझे 10, कॅमेरामन आणि लाईट एका दिवसाचे 18, एडिटिंग 8, आवाज आणि रेकॉर्डिंग 4, खाणं-प्रवास 3, आणि 2 हजार हाताशी. म्हणजे एक दिवस, एक जागा, आणि कलाकाराला द्यायला वेगळे पैसे नाहीत. लोकलचा सीन गेला, रेल्वेत शूटिंगला परवानगी आणि फी लागते. आई-मुलगी दोघी गेल्या. उरले दोन हात, एक स्वयंपाकघर आणि एक बरणी, आणि चेहरा दाखवायचाच नाही ठरल्यावर काकांची भाची तयार झाली.

टोनवर सगळ्यात जास्त वेळ गेला. भावनिक, विनोदी, मॉडर्न ह्या तीन शब्दांवरून तीन लेखक तीन वेगळ्या जाहिराती लिहितील. म्हणून मी उलटं विचारलं, काका, काय बघून तुम्हाला लाज वाटेल? ते जरा थांबले आणि म्हणाले, सासू-सुनेचं भांडण नको, आणि आरडाओरडा नको, गिऱ्हाईकाशी आम्ही तसं बोलत नाही. मग म्हणाले, एखादी नवी मुलगी आली ना, तर माझी बायको तिला विचारते, घरात तिखट किती खाता गं? तिथून सुरुवात करते.

मी ते वाक्य टोनच्या पुढे जसंच्या तसं लिहिलं. तोच सूर होता आणि तेच जाहिरातीतलं पहिलं वाक्य झालं. काकांना "एकदम शुद्ध" हा शब्दही हवा होता, पण खाण्याच्या मालाच्या जाहिरातीत शुद्ध, नैसर्गिक असे शब्द कसे वापरायचे ह्याचे FSSAI चे 2018 पासून नियम आहेत, म्हणून त्याऐवजी मिरच्यांची नावं आणि कुटल्याची तारीख दाखवायची असं ठरलं. तारीख तर पाकिटावर असतेच.

घरी येऊन लिहिलेली स्क्रिप्ट साठेक शब्दांची झाली. सुरुवातीला फक्त चमचा बरणीचा तळ खरवडतोय, मग काकूंचा आवाज, "घरात तिखट किती खाता गं?" आवाज नंतर शांत खोलीत घ्यायचा, कारण डंक्यासमोर बोलणं रेकॉर्ड होणं शक्यच नाही, आणि खाली अक्षरं द्यायची कारण ट्रेनमध्ये बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

नवं पान घेऊन परत गेले तेव्हा काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, सही केली, आणि मग खाली स्वतःच्या पेनाने पाचवी ओळ घातली: फोन कोण उचलणार? भाची, सकाळी 11 ते संध्याकाळी 7. मी ती वेळ शेवटच्या फ्रेममध्ये नंबरच्या खाली टाकली.